गोष्टीतलं 404: 'पत्र परत आलं' म्हणावं का?

गोष्टवेल्हाळ
मुलांसाठी एक छोटी गोष्ट लिहितेय. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात काय चालतं ते बाई एका चौकस मुलीला टपालाच्या उपमेतून सांगतात. अडले तो तुकडा असा:

"ब्राउझर सर्व्हरला विनंतीपत्र पाठवतो. सर्व्हर पोचपावती देतो, आणि तिच्यासोबत पान येतं."
"आणि पत्ता चुकला तर?"
"तर पत्र परत येतं. त्यावर शिक्का असतो, 404."
"शिक्का मारतं कोण, बाई? पोस्टमन की घरातला माणूस?"

प्रश्न मीच लिहिला आणि मलाच उत्तर येईना. शिवाय 'विनंती' बरी की 'मागणी'? आणि 'पोचपावती' चालेल ना?

शब्दवेडा
'पोचपावती' चपखल आहे. 200 OK म्हणजे 'मिळालं बुवा', दुसरं काय! शिक्का अर्थात पोस्टमनचा, घरच सापडलं नाही तर घरातला माणूस कुठून येणार? 'मागणी' मात्र नको, मोर्चाची नाही तर लग्नाची वाटते.

सर्व्हरराख्या
दोन्ही ठिकाणी उलट आहे. पोचपावती एवढंच सांगते की कागद हाती पडला. ते काम खालच्या खाली टीसीपी, म्हणजे कागद पोचवणारी यंत्रणा, करतो; ब्राउझर आणि सर्व्हर ज्या रीतीनं बोलतात त्या एचटीटीपीपर्यंत ते येतच नाही. कागद पोचतो, पोचपावती मिळते आणि तरी सर्व्हर गप्प बसतो, असंही होतं. तेव्हा ब्राउझरचं चक्र नुसतं फिरत राहतं. 200 म्हणजे 'मिळालं' नव्हे, 'तू मागितलंस ते हे घे'. म्हणून 'उत्तर' म्हणा.

आता शिक्का. समजा मुलीला कासवाची गोष्ट हवी आहे. पत्रात साधारण असं असतं:

```
GET /goshti/kasav.html HTTP/1.1
Host: www.example.org
```

हे झालं आतलं पत्र. पाकिटावर नाव नसतं, आकडी पत्ता असतो. तो ब्राउझर आधी डीएनएसला विचारून घेतो. मुलीनं साइटचं नावच चुकीचं टाकलं आणि तसं नाव कुठे नसलंच, तर पाकिटावर लिहायला पत्ता मिळत नाही. पत्र निघतच नाही. पडद्यावर 'सर्व्हर सापडला नाही' अशा अर्थाचं काहीतरी येतं, तीन आकडी क्रमांक येत नाही. ती ब्राउझरची स्वतःची तक्रार असते.

नाव बरोबर, पण `kasav` ऐवजी `kasva` टाकलं, तर पत्र नीट पोचतं. आतला माणूस कपाट बघतो आणि नवा कागद घेऊन लिहितो: 404, हे माझ्याकडे नाही. म्हणजे 404 दिसलं की घर सापडलं असंच समजायचं! पत्र परत आलेलं नसतं, नकाराचं उत्तर आलेलं असतं.

टपालकाका
छाटणीत आयुष्य गेलं, म्हणून बोलतो. परत आलेल्या पाकिटावर 'घर बंद', 'पत्ता अपुरा' असं लिहितात तो शेरा. शिक्का वेगळा, त्यावर तारीख असते. आणि माणसानं घर बदललं असेल तर आम्ही नवा पत्ता घालून पत्र पुढे धाडायचो, ते गोष्टीत घ्या. हो, पत्रं पोस्टानंच जातात तर वर GET कशाला? POST हवं ना?

सर्व्हरराख्या
काका, शेरा पटला. पण घर बदलण्यात उपमा लंगडी पडते. इथे कुणी पत्र पुढे धाडत नाही. जुन्या घरचा माणूस 301 लिहून नवा पत्ता कळवतो आणि ब्राउझर स्वतः दुसरं पत्र लिहितो.

POST चा टपालाशी संबंध नाही. GET पण त्याच वाटेनं जातं. काही मागायचं असेल तर GET, भरलेला फॉर्म वगैरे सोबत द्यायचा असेल तर POST. पोस्टाच्या गोष्टीत हा शब्द आला की मुलं हमखास घसरणार. मी तर तो गाळेन.

शब्दवेडा
पोचपावती मागे घेतो. पण 404 नेहमी घरातलाच माणूस देतो? आमच्या कचेरीत मधला प्रॉक्सीसुद्धा कधीकधी स्वतःच उत्तर देऊन टाकतो.

सर्व्हरराख्या
खरं आहे, दारावरचा दरवानही बोलू शकतो. 502 तर त्याचंच: 'आत विचारलं, पण धड उत्तर मिळालं नाही.' एवढं गोष्टीत घालायचं का, लेखिकेनं ठरवावं.

गोष्टवेल्हाळ
दरवान सध्या बाहेरच. असं केलंय:

"घरातला माणूस. तो म्हणतो, घर हेच, पण कासव इथे नाही."
"आणि घरच नसेल तर?"
"तर पत्र आपल्याच टेबलावर पडून राहतं. त्यावर कुणाचाच शेरा नसतो."

'विनंती' तूर्त ठेवलीय.

टपालकाका
विनंतीला नाही म्हणता येतं, मागणीला नाही म्हटलं की भांडण. ठेवा.

शब्दवेडा
पण काका, दुकानदार 'या मालाला मागणी आहे' म्हणतो, त्यात कुठे भांडण आलं? 'मागणी' मीच आधी नको म्हटलं होतं, आता तीच बरी वाटतेय.