मदत हवी आहे : 'सिन्स' किंवा 'फॉर' आले की क्रियापदाला नेहमी '-इंग'च लावायचे का?

पानगळ
नमस्कार. शिक्षकपदाच्या अर्जासोबत जोडायचा इंग्रजी परिचय मी लिहीत आहे. तो एका परिचितांना दाखवला, तेव्हा त्यांनी पुढील चार वाक्यांखाली रेघा मारून परत दिला, परंतु कारण सांगितले नाही.

१. आय ॲम टीचिंग सायन्स सिन्स सिक्स इयर्स.
२. आय हॅव बीन नोइंग माय रेफरी सिन्स २०१९.
३. आय हॅव बीन रायटिंग टू वर्कबुक्स सिन्स लास्ट जून.
४. आय हॅव नॉट टेकन अ लाँग लीव्ह सिन्स आय हॅव जॉइन्ड.

वाक्यात 'सिन्स' किंवा 'फॉर' दिसले की चालू पूर्ण वर्तमानकाळ वापरावा, असे आम्हाला शाळेत शिकवले होते आणि दुसरे व तिसरे वाक्य मी त्याच नियमाने लिहिले आहे. तिसऱ्या वाक्यात मला असे म्हणायचे आहे की गेल्या जूनपासून आजवर माझ्या दोन कार्यपुस्तिका लिहून झाल्या आहेत. नेमके काय चुकले आहे, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

सरळमार्गी
यात अवघड असे काही नाही. 'कधीपासून' या प्रश्नाचे उत्तर असेल तर 'सिन्स' आणि 'किती काळ' याचे उत्तर असेल तर 'फॉर'. सहा वर्षे हा काळ असल्यामुळे पहिल्या वाक्यात 'सिन्स'च्या जागी 'फॉर' घाला, म्हणजे ते वाक्य बरोबर होईल. दुसऱ्या वाक्यातील ओळख आजही टिकून आहे, म्हणजेच क्रिया चालू आहे, त्यामुळे तेथे '-इंग' योग्यच आहे. तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यातही मला दोष दिसत नाही. तुमच्या परिचितांनी जरा घाईने रेघा मारलेल्या दिसतात.

टाकबोरू
सरळमार्गी यांनी 'सिन्स' आणि 'फॉर' यांतील फरक अचूक सांगितला आहे, मात्र क्रियापदाच्या रूपाविषयीचा त्यांचा निष्कर्ष मला मान्य नाही. हे दोन निर्णय स्वतंत्रपणे घ्यावे लागतात. 'सिन्स' की 'फॉर' हे पुढे येणाऱ्या काळवाचक शब्दांवर ठरते, तर '-इंग' लावायचे की नाही हे क्रियापदाच्या स्वभावावर आणि आपल्याला क्रियेबद्दल काय सांगायचे आहे यावर ठरते. मराठीत 'सहा वर्षांपासून' आणि '२०१९पासून' या दोन्हींचे काम 'पासून' करतो, आणि 'शिकवत आहे' हे रूपही तेथे चालते, म्हणून पहिल्या वाक्यात दोन्ही चुका एकदमच घडल्या आहेत.

केवळ 'फॉर' घालून ते वाक्य सुधारत नाही. 'आय ॲम टीचिंग सायन्स फॉर सिक्स इयर्स' असे लिहिल्यास वाचणाऱ्याला वाटू शकेल की तुमची नेमणूकच एकूण सहा वर्षांची आहे, कारण 'ॲम टीचिंग' हे रूप मागे वळून पाहत नाही. भूतकाळात सुरू होऊन आजपर्यंत पोहोचलेला काळ दाखवायचा असेल, तर 'आय हॅव बीन टीचिंग सायन्स फॉर सिक्स इयर्स' असेच लिहावे लागेल.

दुसऱ्या वाक्यात 'हॅव नोन' हवे. ओळखणे, मालकीचे असणे, विश्वास असणे या अवस्था आहेत. त्या वर्षानुवर्षे टिकल्या तरी इंग्रजी सहसा त्यांना '-इंग' लावत नाही. 'आय हॅव नोन हर सिन्स २०१९' यातील ओळख आजही तितकीच जिवंत आहे. त्यामुळे 'क्रिया चालू असेल तर -इंग' ही कसोटी येथे उपयोगी पडत नाही.

तिसरे वाक्य व्याकरणदृष्ट्या चुकीचे नाही, आणि म्हणूनच ते अधिक धोक्याचे आहे. 'हॅव बीन रायटिंग टू वर्कबुक्स' याचा अर्थ असा होतो की दोन्ही पुस्तिका गेल्या जूनपासून लिहायला घेतल्या आहेत आणि त्या अजून हातावेगळ्या झालेल्या नाहीत. मुलाखतीत पहिला प्रश्न येईल की त्या पूर्ण कधी होणार. किती काम पुरे झाले याची संख्या सांगताना साधा पूर्ण वर्तमानकाळच लागतो : 'आय हॅव रिटन टू वर्कबुक्स सिन्स लास्ट जून.' संख्या काढून 'आय हॅव बीन रायटिंग वर्कबुक्स सिन्स लास्ट जून' असे लिहिले, तर मात्र तेही निर्दोष ठरेल, कारण मग तुम्ही फळाविषयी न बोलता कामात गुंतल्याविषयी बोलत असता.

चौथ्या वाक्यात पहिला भाग योग्य आहे, फक्त 'सिन्स'नंतर 'आय जॉइन्ड' असा साधा भूतकाळ घ्या, कारण रुजू होणे ही एका क्षणी घडून संपलेली घटना आहे आणि मोजणीची सुरुवात तेथून होते. अर्थात 'सिन्स'च्या पुढे पूर्ण वर्तमानकाळ कधीच येत नाही, असे समजू नका. 'सिन्स आय हॅव बीन हिअर' हे बरोबर आहे, कारण येथे असणे ही अवस्था अजून चालूच आहे.

कावेरी
अनुभवपत्राचा विषय निघालाच आहे, तर माझीही एक अडचण विचारते. मी एका संस्थेत २०१५ ते २०१९ अशी चार वर्षे नोकरी केली आणि नंतर ती सोडली. 'आय हॅव वर्क्ड देअर फॉर फोर इयर्स' असे लिहिले, तर नव्या ठिकाणच्या लोकांनी मी अजून तेथेच आहे असा अर्थ घेतला. वाक्यात 'फॉर' असल्यामुळे पूर्ण काळ घेणे भागच होते ना?

टाकबोरू
कावेरीताई, मूळ प्रश्न अजून चालू असलेल्या कामाचा आहे, तुमचा संपलेल्या कामाचा आहे. 'फॉर' कोणत्याही काळासोबत जाऊ शकतो, कारण तो केवळ लांबी सांगतो आणि ती लांबी आजपर्यंत पोहोचते की नाही याबद्दल मौन बाळगतो. म्हणून 'आय वर्क्ड देअर फॉर फोर इयर्स' असे लिहा. 'सिन्स'ला मात्र ही मोकळीक नाही. 'आय वर्क्ड देअर सिन्स २०१५' चालणार नाही. सुरुवात आणि शेवट दोन्ही सांगायचे असतील, तर 'फ्रॉम २०१५ टू २०१९' लिहा.

पानगळ
मनःपूर्वक आभार. आणखी दोन शंका आहेत. 'सिन्स द लास्ट सिक्स इयर्स' असे मी जाहिरातींत अनेकदा वाचले आहे, ते ग्राह्य आहे का? आणि पहिल्या वाक्यात 'आय हॅव टॉट सायन्स फॉर सिक्स इयर्स' असे लिहिले तर चालेल का?

टाकबोरू
'लास्ट सिक्स इयर्स' हीसुद्धा लांबीच आहे, म्हणून 'फॉर द लास्ट सिक्स इयर्स' लिहावे. 'लास्ट जून' मात्र आरंभबिंदू आहे, म्हणून तेथे 'सिन्स' शोभतो. 'लास्ट' या शब्दाकडे पाहून निर्णय करू नका.

'हॅव टॉट'ही चालेल. शिकवणे, राहणे, काम करणे अशा क्रियापदांत काळाची लांबी दिलेली असली की दोन्ही रूपांतील अंतर फार कमी उरते. लांबी गाळली की फरक एकदम उघडा पडतो : 'आय हॅव टॉट सायन्स' म्हणजे कधीतरी शिकवले आहे, एवढेच. अर्जासाठी मी 'हॅव टॉट... फॉर सिक्स इयर्स' निवडेन, कारण त्यात स्थिरता जाणवते, तर 'हॅव बीन टीचिंग'मध्ये तात्पुरतेपणाची किंचित छटा येते.

सरळमार्गी
'नोइंग'बाबत तुमचे म्हणणे पटले. पण या छटेबाबत मी सहमत नाही. अर्ज वाचणाऱ्याला उमेदवार आज वर्गात उभा आहे की नाही, हे आधी कळायला हवे, आणि ते 'हॅव बीन टीचिंग'मधून अधिक ठळकपणे कळते. सहा वर्षे असा आकडा पुढे असताना तात्पुरतेपणा कोणाला जाणवेल?

पानगळ
दुसरे, तिसरे आणि चौथे वाक्य सुधारून घेतले आहे. पहिल्यात तूर्त 'हॅव बीन टीचिंग' ठेवतो. अर्ज पाठवेपर्यंत आणखी कोणाचे मत आले, तर अवश्य वाचेन.