मदत हवी आहे: पहाटे रत्नागिरी स्टेशनवरून पूर्णगडला कसं जायचं?

दिवाळीनंतर आईला घेऊन गावी पूर्णगडला जायचंय, कोकणकन्येचं ठाण्यावरून तिकीट काढलंय. ती रत्नागिरीला पहाटे पाचच्या आसपास पोचते म्हणजे काळोखच, आईचे गुडघे दुखतात आणि सोबत दोन जड बॅगा. काका म्हणतात पहिली एसटी सहाला आहे, पण कुठे पकडायची ते कळेना. स्टेशनच्या बाहेर मिळेल का?

सुरंगी_७: राजापूरला उतरा की, नकाशात पूर्णगड तिथूनही जवळच दिसतंय.

भाट्येकर: नको हो, राजापूर रोड स्टेशन राजापूर गावापासूनच बरंच लांब आहे, त्या वेळी बाहेर रिक्षा नाही मिळाली तर आईंना घेऊन अडकाल. रत्नागिरीलाच उतरा. स्टेशन कुवारबावला, पावस पूर्णगडचा रस्ता मात्र शहर ओलांडून भाट्याच्या पुलावरून जातो, त्यामुळे स्टेशनबाहेर हातखंब्याकडून येणाऱ्या गाड्या दिसतील, तुमची नाही. आणि ताई, काकांना एक नक्की विचारा, सहाची गाडी रत्नागिरीतून सुटते की गावातून? मुक्कामाची गाडी असेल तर ती रात्री गावात झोपते आणि सकाळी शहराकडे येते, म्हणजे तुमच्या उलट्या दिशेने.

गुहागरची_मीना: आम्ही चिपळूणला उतरतो, तिथे तर साडेतीनच वाजलेले असतात. उजाडेपर्यंत वेटिंग रूममध्येच बसतो आम्ही, बायकामाणसांनी काळोखात रिक्षा करूच नये.

भाट्येकर: मीनाताई, रत्नागिरीला गाडीच्या वेळेला रिक्षा उभ्या असतात, शहरापर्यंत काही प्रश्न नाही. थेट पूर्णगडला नेणारा मात्र परतीचं भाडंही लावतो कारण येताना त्याला पॅसेंजर मिळत नाही. गावातली रिक्षा बोलावलीत तरी तोच हिशोब, पण माणूस ओळखीचा असतो आणि गाडी लेट झाली तरी थांबतो.

धागाकर्ती: काकांना फोन केला, सहाची गाडी गावातून सुटणारीच निघाली! बरं झालं विचारलंत. मग स्टँडवर जाऊन बसू का?

भाट्येकर: पूर्णगडचीच गाडी धरून बसू नका, पावसची जी पहिली मिळेल ती घ्या, पावसला उजाडल्यावर रिक्षा मिळते आणि पुढचं अंतर थोडंच आहे. ती मुख्य स्टँडवरून सुटते की रहाटाघरहून ते आदल्या दिवशी डेपोत फोन करून विचारा, दोन्ही ठिकाणी बॅगा ओढत फिरायची वेळ नको. आणि स्टेशनवरून निघायची घाई करू नका, तिथे आईंना बसायला जागा आणि टॉयलेट आहे, गाडीच्या अर्धा तास आधी निघालात तरी चालेल.

सुरंगी_७: पण तोपर्यंत स्टेशनवरच्या रिक्षा निघून जातात ना? गाडी आली की दहा मिनिटांत सगळं रिकामं होतं.

भाट्येकर: हो, ते खरंय. उतरल्या उतरल्या एखाद्याला वेळ सांगून नंबर घेऊन ठेवा, पण येईलच अशी खात्री मी देणार नाही.

धागाकर्ती: मग गावातल्या रिक्षावाल्या दादांनाच विचारते. इतक्या पहाटे ते निघतील का बघू, त्यांचं काय ठरतंय ते इथे लिहिते.