अनुभव धागा : विसरलेलं रिमाइंडर आणि इंटरव्ह्यूचा दिवस

सोलापूरची_लेक :
काल भाचीनं उद्याच्या कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी अलार्म लावला तेव्हा मी तिच्या हातातून फोन घेऊन वार तपासले. ती चिडली, पण मला 2019 आठवलं.

शेवटच्या वर्षाला होते, साखर पेठेत दोघी खोली करून राहायचो. शनिवारी, 7 सप्टेंबरला पुण्यात बारा वाजता इंटरव्ह्यू. साडेसहाची हुतात्मा गाठायची म्हणजे साडेचारला उठणं आलं. शुक्रवारी रात्री साडेअकराला मी नवा अलार्म न लावता कॉलेजचाच साडेसहाचा अलार्म साडेचारवर आणला. तो सोमवार ते शुक्रवारचा होता. फोननं खाली दाखवलंसुद्धा, "2 दिवस 5 तासांनी". मी वाचलं नाही.

मैत्रीण रात्रीच्या एसटीनं गावाहून येणार होती. तिचा फोन ऐकू यावा म्हणून डू नॉट डिस्टर्ब बंद केलं. एरवी ते रोज रात्री अकरा ते सकाळी सात चालू असायचं. ती एकला आली, दार उघडलं, परत झोपले.

सव्वापाचला टिंग वाजलं. स्क्रीनवर "पाणी आलं, मोटार लाव". मार्चमध्ये आमच्या गल्लीत दर चौथ्या दिवशी पहाटे पाणी यायचं तेव्हा कॅलेंडरात टाकलेलं, शेवटची तारीख न घालता. जूनमध्ये पाण्याची वेळ बदलली आणि मी ते विसरले. घड्याळ पाहिलं आणि अंगावर काटा आला. आंघोळ न करता निघाले, गाडी मिळाली. बारानंतर आलेल्या दोन मुलांना गेटवरूनच परत पाठवलं, ते मी पाहिलंय. नोकरी लागली. त्याच पगारावर बाबांचं कर्ज फिटलं.

तुमच्याकडे असं काही घडलंय का? लिहा.

मंदार_के :
वाचताना पोटात गोळा आला. फोन सायलेंटवर असेल तरी अलार्म वाजत नाही हो, तेही लिहा. माझी परीक्षा तशीच बुडाली होती.

घड्याळजी :
मंदार, नुसत्या सायलेंटवर अलार्म वाजतो, त्याचा आवाज वेगळा असतो. तो आवाजच शून्यावर असेल किंवा पूर्ण शांततेचा पर्याय निवडला असेल तर नाही वाजत. तुमचं त्यातलं काहीतरी झालं असणार.

ताई, तुमचं रिमाइंडर सहा महिने वाजतच होतं. डू नॉट डिस्टर्ब अलार्मला सहसा सोडतं, कॅलेंडरच्या टिंगला अडवतं. म्हणून ते पहाटे मुकाट येऊन पडायचं आणि सकाळी तुम्ही बाकीच्यांबरोबर पुसून टाकत असाल. त्या रात्री अडसर नव्हता, एवढंच. पहिलं कुठल्या तारखेला टाकलं होतं?

सोलापूरची_लेक :
3 मार्च, रविवार. सकाळी पुसून टाकायचे हे अगदी खरं.

घड्याळजी :
मग 7 सप्टेंबरला 188 दिवस होतात. चारनं बरोबर भाग जातो. एक दिवस मागेपुढे असतं तर वाजलं नसतं.

नीलाक्षी :
188 वाचून रडू आलं. पोळ्या करता करता वाचतेय.

आखातातून :
माझं उलट. भावाचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता, मेलमध्ये नुसतं "सकाळी 10". मी दुबईत बसून त्याच्या कॅलेंडरात दहा टाकलं. त्याच्या फोनवर ते साडेअकरा दिसलं, कारण माझा फोन इथल्या वेळेवर. त्याला वाटलं दादानं विचारून टाकलं असेल. साडेअकराला लिंक उघडली तर कोणीच नव्हतं. तो काही बोलला नाही, पण मला अजून लागतं.

नीलाक्षी :
भाऊ, तुम्ही मायेनं केलंत. पुढे लागली ना त्याला नोकरी?

आखातातून :
हो, वर्षानं. पण ती कंपनी त्याला फार हवी होती.

पेठकर_काका :
आमच्याकडे अजून पाण्याचा वार पक्का नाही. ताई, तुमच्या वेळी साखर पेठेत पहाटे यायचं म्हणता, आम्हाला रात्रीचं आठवतं. कुठली गल्ली?

मंदार_के :
काका, धागा इंटरव्ह्यूचा आहे :)
घड्याळजी, आत्ता पाहिलं. अलार्मचा आवाज खरंच शून्यावर आहे. मुलगा गेम खेळताना कमी करतो बहुतेक.

घड्याळजी :
आधी वाढवा. आणि अलार्म सेव्ह केल्यावर "किती तासांनी" येतं ते मोठ्यानं वाचा, मी घरात सगळ्यांना तेच करायला लावतो.

रेश्मा_प :
पण मला वाटतं ताई तशाही उठल्या असत्या. इंटरव्ह्यूच्या दिवशी झोप लागते कुणाला?

सोलापूरची_लेक :
रेश्मा, एक वाजता दार उघडायला उठले होते ना, त्यानंतर गाढ लागली. उठले असते की नाही, खरंच सांगता येत नाही. मैत्रीण तर सव्वापाचच्या आवाजानं हललीही नाही.
काका, मारुतीच्या देवळामागची गल्ली. घरमालकीण मावशी पाणी आलं की दार वाजवायच्या. त्या मार्चमध्ये लेकीकडे गेल्या होत्या, म्हणून तर मी ते रिमाइंडर टाकलं.

पेठकर_काका :
देवळामागे हिरवा जिना असलेलं घर का?