अकरा वर्षं दिलेला गाळा बाराव्या वर्षी काढून घेतला, तर कोर्टानं मध्ये पडावं का?

शिवाजीपेठकर: मेहुण्याचा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या बाजारात गाळा आहे. परवाना एका वर्षाचा. 11 वर्षं अर्ज दिला, चलन भरलं की नूतनीकरण होतंय. यंदा तीन फूट पत्रा पुढं काढला म्हणून नूतनीकरण नाकारलं आणि गाळा लिलावात काढणार म्हणताहेत. माझ्या मते हा सरळ अन्याय आहे, कोर्टानं गाळा परत द्यायला लावला पाहिजे. तुमचं काय?

जुना कारकून: 30 वर्षं कचेरीत काढली, म्हणून बोलतो. मुदत संपली, गाळा पालिकेचा. महाद्वार रोडवर सणाच्या आठवड्यात चालून बघा, मग तीन फूट म्हणजे काय ते कळंल. प्रत्येक पत्र्यावर स्टे मिळाला तर अतिक्रमण काढणार कोण? न्यायाधीशांनी बाजार चालवायचा का?

रंकाळ्याचा_पोरगा: काका, 11 वर्षं दिला म्हणजे हक्कच झाला की! याला लेजिटिमेट एक्स्पेक्टेशन, म्हणजे रास्त अपेक्षा म्हणतात. गाळा मिळालाच पाहिजे.

शाहूपुरीतली वकील: हक्क झालेला नाही. अपेक्षा झाली आहे, आणि ती पालिकेच्या वागण्यातून झाली म्हणून कोर्ट तिची दखल घेतं. मनातली नुसती आशा असती तर घेतली नसती. तिच्या जोरावर मेहुणे हमखास एवढंच मागू शकतात की नाकारण्याआधी आमचं ऐका. ऐकून घेतल्यावर सार्वजनिक हिताचं खरं कारण असेल तर पालिका नाही म्हणू शकते.

अपेक्षा खरी ठरली तरी हाती काही लागेलच असं नाही. केरळात जिल्हा न्यायाधीशांच्या निवडीत लेखी आणि तोंडी गुणांची बेरीज धरायची, तोंडीला किमान गुणांची अट नाही, असं आधी ठरलं होतं. तोंडी परीक्षा उरकल्यावर 50 टक्क्यांची अट घातली. 2023 साली सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं हे चुकीचं ठरवलं. पण सहा वर्षं उलटली होती, निवडलेले लोक काम करत होते, म्हणून त्यांना हलवलं नाही. अर्जदार जिंकले, पण नेमणूक मिळाली नाही. लिलाव होऊन नवा माणूस गाळ्यात बसला की मेहुण्यांचंही तेच होईल.

जुना कारकून: म्हणजे मी म्हणतोय तेच.

शाहूपुरीतली वकील: अर्धंच. नूतनीकरण धोरण बदललं म्हणून नाकारलं असतं तर प्रश्न तेवढ्यावर संपला असता. इथं पत्र्याची शिक्षा म्हणून नाकारलंय. मग प्रमाणाचा प्रश्न येतो: पत्रा काढायला सांगून, दंड करून काम भागत असताना रोजीरोटीच का काढली? पण हेही सांगते, शिक्षा जरा जड वाटली एवढ्यानं कोर्ट हात घालत नाही. सुप्रीम कोर्टाच्या ओमकुमार निकालानंतर मूलभूत हक्काला धक्का असेल तर कोर्ट स्वतः तोलून बघतं. साध्या शिक्षेत मात्र ती धक्कादायक वाटावी इतकी अवाजवी लागते, आणि तेव्हाही बहुतेक वेळा फाइल फेरविचाराला परत जाते.

कंडक्टरचा भाऊ: माझ्या भावाला हिशेबात शंभराच्या आत फरक आला म्हणून घरी बसवलं. शंभर रुपयाला नोकरी, हे प्रमाणात बसतं का?

शाहूपुरीतली वकील: वाईट वाटेल, पण बहुतेक बसतं. कर्नाटकातल्या एका कंडक्टरकडं हिशेबाबाहेरचे 93 रुपये सापडले होते. सुप्रीम कोर्टानं बडतर्फी कायम ठेवली. रक्कम बघायची नाही, विश्वास गेला का ते बघायचं, असं म्हटलं. उलट 1987 च्या रणजित ठाकूर खटल्यात जवानानं जेवण नाकारलं म्हणून एक वर्ष कैद आणि बडतर्फी झाली होती, ती रद्द केली. चूक कशाला धक्का लावते, यावर सगळं आहे.

जुना कारकून: आणि फेरविचाराचं मी सांगतो. फाइल परत आली की आम्ही तोच आदेश चार परिच्छेद वाढवून काढायचो.

शाहूपुरीतली वकील: काढतात, हे मान्य. यावर माझ्याकडंही चांगलं उत्तर नाही. पण पहिल्या आदेशात नसलेलं कारण नंतर प्रतिज्ञापत्रात घुसडता येत नाही, म्हणून मूळ टिपणी आधी माहिती अधिकारात काढा. 11 वर्षांचे नूतनीकरणाचे आदेश जोडा. शेजारच्या कुणाला त्याच पत्र्यासाठी नुसता दंड झाला असेल तर त्याची पावती सगळ्यात मोलाची.

रंकाळ्याचा_पोरगा: आता हायकोर्टाचं सर्किट बेंच इथं कोल्हापुरातच आलंय, मुंबईला पण जायला नको.

शिवाजीपेठकर: आत्ता मेहुण्याला फोन केला. पत्रा काढा म्हणून मागच्या दिवाळीत आणि नंतर शिमग्याला, अशा दोन नोटिसा आल्या होत्या म्हणे. त्यानं घेतल्याच नाहीत.

जुना कारकून: 😄

शाहूपुरीतली वकील: मग पत्रा आजच काढा, फोटो काढून ठेवा, आणि ऑफिसला या. नोटिसांवर पोस्टाचा शेरा काय आहे ते बघितल्याशिवाय आता मी काही बोलणार नाही.