'मार्जिनल' दराला मराठीत काय म्हणायचं?

अंबडकर: कंपनीच्या फलकावर लावायला कराचं एक टिपण मराठीत करतोय. 'मार्जिनल रेट'ला 'सीमांत दर' आणि 'इफेक्टिव्ह रेट'ला 'प्रभावी दर' लिहिलं, तर आमचे सुपरवायझर म्हणाले, "म्हणजे भारी दर?" हेच साहेब बढती नको म्हणून बसलेत. करपात्र पगार १५.९० लाखांवरून १६.२० होणार, मग म्हणे "सगळाच वीस टक्क्यांत जाईल, हातात कमी येईल."

निफाडची: सीमांत नको. सातबाऱ्याच्या जगात मार्जिनल म्हणजे 'अत्यल्प भूधारक'. माझे वडील 'अत्यल्प दर' वाचून खूशच होतील!

गंगाघाट: अर्थशास्त्रात 'सीमांत उपयोगिता' रुळलेला शब्द आहे, तोच ठेवा. इंग्रजीची उसनवारी कशाला?

पंचवटी७०: पण 'स्लॅब' काढून 'पायरी' लिहा. आमच्याकडे स्लॅब म्हटलं की सिमेंटची गाडी आठवते. गंगेला पाणी चढतं तेव्हा वरच्या पायरीवर पोचलं म्हणून खालच्या पायऱ्यांवरचं पाणी बदलत नाही. तसंच हे. साहेबांच्या ३०,००० वाढीपैकी पहिले १०,००० अजून १५ टक्क्यांच्याच पायरीवर आहेत, म्हणजे १,५०० कर. उरलेल्या २०,००० वर २० टक्क्यांनी ४,०००. सेस धरून ५,७२० गेले, २४,२८० हातात आले. नव्या पद्धतीत १६.२० लाखांवर सेस सोडून एकूण कर १,२४,०००, म्हणजे पावणेआठ टक्क्यांच्याही आत. शेवटच्या रुपयावर २०, सगळ्यावर मिळून पावणेआठ. म्हणून मी 'शेवटच्या रुपयाचा दर' आणि 'सरासरी दर' म्हणेन.

गंगाघाट: 'शेवटच्या रुपयाचा दर' हा शब्द नव्हे, वाक्य झालं.

सिडकोवाला: पण माझ्या मेव्हण्याचं करपात्र १२ लाखांच्या वर १०,००० गेलं आणि सगळी सूटच गेली. ६१,५०० कर! मग पगारवाढीने तोटा होतोच ना?

पंचवटी७०: ती पायरी नाही, कडा आहे. १२ लाखांपर्यंतची सूट पलीकडे मिळत नाही. पण तिथेही 'मार्जिनल रिलीफ' आहे. १२ लाखांच्या वर जेवढं उत्पन्न, त्याहून जास्त कर घेत नाहीत. मेव्हण्यांना १०,००० आणि त्यावर ४ टक्के सेस ४००. हिशेब पुन्हा बघायला सांगा.

सिडकोवाला: म्हणजे १०,००० मिळाले, १०,४०० गेले. तोटाच की!

पंचवटी७०: चारशेचा, हो. सेस त्या सवलतीनंतर लागतो. साधारण १२.७० लाखांपर्यंत वाढ जवळपास सगळी करातच जाते, नंतर ही अडचण संपते. सोळा लाखांच्या साहेबांना याचा काही संबंध नाही.

निफाडची: मग 'मार्जिनल रिलीफ' म्हणजे 'किरकोळ सवलत'? मेव्हण्यांचे पन्नास हजारांच्या वर वाचले, किरकोळ कसले!

गंगाघाट: 'सीमांत सवलत'. मी म्हटलंच होतं.

अंबडकर: फलकावर फक्त २४,२८० चं गणित लिहिलं. साहेब आता विचारतायत, सेसला मराठीत काय म्हणतात.

निफाडची: उपकर. त्यावर भांडण नको!