व्हायवात उत्तर येत नव्हतं, तेव्हा काय बोललात? – अनुभव धागा

शाईपेन: प्रश्न ऐकला आणि उत्तर नाही हे कळलं, त्यानंतर तुम्ही नेमकं काय बोललात ते लिहा. सुरुवात मी करते.

रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल. परमँगनेटचं टायट्रेशन नुकतंच झालं होतं, फ्लास्कमधला फिकट गुलाबी रंग अजून टिकून होता. एक्स्टर्नल सरांनी फ्लास्क उचलून विचारलं, "सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं असतं, तर रीडिंग वाढलं असतं की घटलं असतं?" हायड्रोक्लोरिक चालत नाही एवढंच पाठ होतं. का चालत नाही, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. तोंडाला कोरड पडली. म्हटलं, "सर, हे मला माहीत नाही. पण विचार करून सांगू का? मोठ्यानं करते." त्यांनी मान डोलावली.

मग हाताशी जे होतं तिथून निघाले. परमँगनेट समोरच्याचे इलेक्ट्रॉन घेतं. आपल्याला ते फक्त फेरसचे घ्यायला हवेत. हायड्रोक्लोरिकमध्ये क्लोराइड आहे, तोही इलेक्ट्रॉन देऊन क्लोरीन होऊ शकतो. म्हणजे थोडं परमँगनेट तिकडे खर्च होणार. इथे घाईनं म्हणून गेले, "म्हणून रीडिंग कमी येईल." सर काही बोलले नाहीत. फक्त ब्युरेटकडे पाहिलं. मीही पाहिलं. खर्च जास्त, तर ब्युरेटमधून जास्त उतरायला हवं! "चुकलं सर, वाढेल."

लगेच पुढचा प्रश्न आला, "मग नायट्रिक?" आता वाट माहीत होती. नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक, थोडं फेरस तेच संपवेल, परमँगनेटला काम कमी उरेल, रीडिंग घटेल.

खडूफळा: मी बरीच वर्षं परीक्षक म्हणून बसते. सरांनी ब्युरेटकडे पाहिलं ती हिंट होती, आणि ती देता आली कारण तुम्ही कुठल्या पायरीवर घसरलात ते त्यांना ऐकू आलं. मुलं मनातल्या मनात विचार करत गप्प बसतात, तेव्हा आम्हाला काहीच दिसत नाही. मग नाइलाजानं प्रश्न बदलावा लागतो, आणि अर्धवट जमलेलं उत्तर वाया जातं.

एक मात्र सांगते. परीक्षकानं "नक्की?" विचारलं की मुलं लगेच उत्तर फिरवतात. मी बरोबर उत्तरालाही "नक्की?" म्हणते. अशा वेळी उत्तर बदलू नका, शेवटची पायरी पुन्हा बोलून दाखवा. चूक असेल तर तिथेच सापडते.

रिकामा बाक: माझा अनुभव वेगळा आहे. "माहीत नाही" म्हणायचंच नाही, बोलत राहायचं. मला विचारलं होतं, ॲमीटर सर्किटमध्ये सिरीजमध्येच का जोडतात? मी ओहमच्या नियमापासून सुरू करून दोन-तीन मिनिटं बोललो. पास झालो.

खडूफळा: पास झालात, पण त्या प्रश्नाचे गुण मिळाले का? तिथे एवढंच पुरलं असतं: जो प्रवाह मोजायचा तो ॲमीटरमधूनच जायला हवा, आणि त्याचा रोध अगदी कमी असल्यानं तो प्रवाहाला फारसा अडवत नाही. ओहमच्या नियमाकडून इथवर येता येतं, तुम्ही आलात की नाही ते महत्त्वाचं. नुसता वेळ काढलेला आम्हाला कळतो.

रिकामा बाक: गुण कळले नाहीत. पण गप्प बसलो असतो तर नापास झालो असतो, हे मी अजूनही म्हणेन.

रात्रपाळी: मेडिकलमध्ये दोन्ही सल्ले जपून वापरा. बालरोगाच्या व्हायवात मला एका औषधाचा डोस विचारला. आकडा आठवेना. आकडा तर्कानं निघत नाही आणि अंदाजानं सांगणं धोक्याचं. मी म्हटलं, "मॅडम, डोस आठवत नाही. मुलाच्या वजनावर काढायचा आहे, किलोमागे किती ते पाहिल्याशिवाय मी लिहून देणार नाही." त्यांनी आकड्याचा नाद सोडला आणि विचारलं, या मुलाची किडनी नीट काम करत नसेल तर? तिथे बोलता आलं: औषध किडनीवाटे बाहेर पडत असेल तर ते शरीरात साठत जाईल, म्हणून डोस कमी करावा किंवा दोन डोसमधलं अंतर वाढवावं.

सावकाश: मला उत्तरं येतात, पण बोलताना अडखळते. मोठ्यानं विचार करायला गेले की शब्द अडतात, आणि समोरच्याला वाटतं उत्तरच येत नाही. मी काय करावं?

शाईपेन: धाग्याचा प्रश्न थोडा वेगळा होता, पण कागद मागून बघ. मला कुणी कधी नाही म्हटलं नाही. समीकरण किंवा आकृती काढत गेलीस तर तुझी पायरी त्यांना दिसेल.

सावकाश: मागच्या वेळी मागितला होता. "तोंडी परीक्षा आहे" म्हणाले.

खडूफळा: हे त्यांचं चुकलं. माझ्या टेबलावर कोरे कागद असतात. पण सगळ्यांच्या टेबलावर असतील असं मी सांगू शकत नाही. अडखळण्याबद्दल परीक्षेआधीच अंतर्गत परीक्षकांना सांगून ठेवता येईल का? असं कुणी केलं असेल तर लिहा, मलाही वाचायचं आहे.