मणक्याच्या इजेनंतर विश्रांतीतील उष्मांक: सूत्राच्या उत्तरातून सरसकट २० टक्के कापावेत का?

अनुजा: माझा भाऊ ३८ वर्षांचा आहे. उंची १७० सेंमी, वजन ७२ किलो. ४ वर्षांपूर्वी डी-१० म्हणजे पाठीच्या वरच्या भागातील दहाव्या मणक्याच्या पातळीवर इजा झाल्यापासून तो व्हीलचेअर वापरतो. मिफ्लिन-सेंट जिऑर सूत्राने त्याची विश्रांतीतील गरज १५९८ कॅलरी येते. आहारतज्ज्ञांनी त्यातून २० टक्के वजा करून १२७८ धरायला सांगितले. हा आकडा योग्य आहे की अंदाजपंचे कापलेला?

मिलिंद: अंदाजपंचे मुळीच नाही. मणक्याची इजा झालेल्या व्यक्तींची प्रत्यक्ष मोजलेली विश्रांतीतील ऊर्जा इतरांपेक्षा साधारण १४ ते २७ टक्के कमी आढळलेली आहे. मोजणीचे यंत्र मोजक्याच ठिकाणी असते, म्हणून २० टक्के कापणे हाच व्यवहार्य मार्ग आहे. व्हीलचेअरवरील प्रत्येकाला तो लागू करावा.

वैशाली (पुनर्वसन विभागात आहारतज्ज्ञ): कमतरता खरी आहे, पण तिचा संबंध खुर्चीशी नाही. मिफ्लिन सूत्र १९९० साली निरोगी लोकांच्या मोजणीवरून बसवले गेले. ७२ किलोंपैकी स्नायू किती आणि चरबी किती, हे ते विचारत नाही. सर्वसाधारण माणसात असते तेवढेच प्रमाण गृहीत धरते. इजेनंतर पायांचे स्नायू झडतात आणि त्यांची जागा बरीचशी चरबी घेते, त्यामुळे काट्यावरचे वजन तेच राहूनही ते गृहीतक कोसळते. म्हणून डेक्सा तपासणीतून चरबीविरहित वजन घ्यावे. समजा, ते ४५ किलो निघाले, तर चरबीविरहित वजनावर चालणाऱ्या सूत्राने ३७० अधिक २१.६ गुणिले ४५ म्हणजे १३४२ कॅलरी. याच वजनाच्या, २० टक्के चरबी असलेल्या चालत्या माणसाचे चरबीविरहित वजन ५७.६ किलो, आणि त्याच पद्धतीने त्याची गरज सुमारे १६१४. म्हणजे मिफ्लिनचे १५९८ हे उत्तर त्या माणसाचे आहे, आपल्या भावाचे नाही. पण म्हणून १२७८ बरोबर ठरत नाही.

रमाकांत: मला दीड वर्षाचा असताना पोलिओ झाला. एक पाय वाळलेला आहे, पण खांदे आणि दंड चांगलेच भरलेले आहेत. मिलिंदरावांचा नियम मला लावला तर मी उपाशीच राहीन! मणक्याला इजा नसलेले आमच्यासारखे लोकही खुर्ची वापरतात, हे धाग्यात कोणी लिहिलेच नाही.

मिलिंद: आपला मुद्दा मान्य. ‘प्रत्येकाला’ हा शब्द मी मागे घेतो, पण मणक्याच्या इजेपुरता माझा आग्रह कायम आहे.

सुनंदा: माझ्या यजमानांना माकडहाडाजवळ दाबामुळे जखम झाली तेव्हाही कमी उष्मांकांचा तक्ताच चालू ठेवला गेला. दोन महिने जखम भरेना आणि वजन उतरत गेले. पुढे आहार, विशेषतः प्रथिने, वाढवल्यावर जखम हळूहळू भरून येऊ लागली. ही वजावट जखम असतानाही करायची का?

वैशाली: नाही, सुनंदाताई. तेव्हा वजावटीचा हिशेब बाजूला ठेवून किलोमागे ३० ते ३५ कॅलरी दिवसभराचा एकूण आहार म्हणून धरतात आणि वजनाकडे दर आठवड्याला पाहतात. अनुजाताईंचा प्रश्न जखम नसलेल्या स्थिर अवस्थेचा आहे, म्हणून मी त्यात गेले नव्हते.

प्रसाद: वैशालीताई, आपल्या हिशेबातही एक फट आहे. विश्रांतीत स्नायू किलोमागे दिवसाला सुमारे १३ कॅलरी जाळतो, तर यकृत सुमारे २०० आणि मेंदू २४०. १२.६ किलो स्नायू गेले तर १६४ कॅलरी कमी व्हायला हव्यात. आपल्या सूत्राने २७२ कमी झाल्या. उरलेल्या चरबीविरहित वजनात अवयवांचा वाटा मोठा असल्याने ते सूत्रच कमी सांगत असेल.

वैशाली: आक्षेप रास्त आहे, पण दुसरी बाजूही धरा. इजा वर, विशेषतः मानेच्या पातळीवर असेल तर सिम्पथेटिक मज्जासंस्थेचा जोर घटतो आणि खर्च आणखी खाली येतो. डी-१० ला हा परिणाम कमी असावा, पण या दोन ओढींपैकी या माणसात कोणती भारी पडते, हे सूत्र सांगू शकत नाही. ते उपाशीपोटी, निजून, डोक्यावर यंत्राचा हुड ठेवून श्वास मोजल्यावरच कळेल. तोवर मी १३५० च्या आसपास सुरुवात करेन आणि चार ते सहा आठवडे वजन व पोटाचा घेर पाहीन. दोन्ही वाढत असतील तर आकडा जास्त आहे. अनुजाताई, ७२ किलो हे वजन कसे घेतले?

अनुजा: खुर्चीसह काट्यावर चढवून, खुर्चीचे छापील वजन १४ किलो वजा केले. आपण विचारल्यावर आज रिकामी खुर्ची गादी आणि मागच्या पिशवीसह तोलली, ती १७ किलो भरली. म्हणजे भाऊ ६९ किलोंचा आहे.

वैशाली: त्याने मिफ्लिनचे उत्तर फक्त ३० कॅलरींनी खाली येते, तेव्हा मुख्य चूक तिथे नव्हती. मात्र पुढची प्रत्येक नोंद त्याच गादी-पिशवीसह घ्या, नाहीतर तीन किलो ‘घटले’ म्हणून कोणीतरी आहार वाढवेल.

मिलिंद: डेक्साचा खर्च ज्यांना झेपत नाही त्यांनी काय करायचे, हे मात्र अजून कोणी सांगितले नाही. त्यांच्यासाठी मी २० टक्क्यांवरच थांबतो.